आजोबांचा पहिला मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड

मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड हा बहुतेक वेळा नेहमीच्याच मापाचा कीबोर्ड असतो. एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंतचे अंतर जवळजवळ सगळीकडे १९ मिलिमीटर ठेवलेले असते आणि कळीचा वरचा सपाट भाग साधारण १२ ते १४ मिलिमीटर रुंद असतो. बदलते ते फक्त कळीवरचे अक्षर. साध्या कीबोर्डावर ते कळीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, तीन-चार मिलिमीटर उंचीचे असते. मोठ्या अक्षरांच्या कीबोर्डावर तेच अक्षर जवळजवळ पूर्ण कळी व्यापते. असा कीबोर्ड तयार विकत मिळतो, किंवा चिकटपट्ट्यांचा संच आणून जुन्या कीबोर्डावर लावता येतो. मराठी लिहिणाऱ्याला बहुधा चिकटपट्ट्यांचाच मार्ग धरावा लागतो, कारण मोठी देवनागरी अक्षरे छापलेले तयार कीबोर्ड सहज सापडत नाहीत.

पहिली गोष्ट पाहायची ती म्हणजे अक्षर किती मोठे हवे. नेत्रतपासणीत ६/६ ही नजर निरोगी धरतात. अशा नजरेला ओळखता येणारे सर्वांत लहान अक्षर डोळ्याशी पाच कलांचा कोन करते, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. टेबलावरचा कीबोर्ड डोळ्यांपासून साधारण ५० सेंटिमीटरवर असतो. तेवढ्या अंतरावर पाच कलांचा कोन म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर उंची. नजर ६/२४ असेल तर हे माप चौपट होते, म्हणजे जवळपास तीन मिलिमीटर. पण ही झाली ओळखण्याची शेवटची हद्द. त्या हद्दीवरचे अक्षर डोळे बारीक करून, थांबून लावावे लागते. सहज वाचायचे तर त्याच्या निदान दुप्पट उंची हवी. म्हणून ६/२४ नजरेच्या माणसाला साध्या कीबोर्डावरची अक्षरे ‘दिसतात’, तरी प्रत्येक कळीपाशी तो अडखळतो. घरातल्यांना वाटते की त्याला कॉम्प्युटर जमत नाही.

पुढचे सगळे नीट समजण्यासाठी एक घर कल्पू. वाईचे एक निवृत्त तलाठी, वय ७६. आयुष्यभर सातबारे हाताने लिहिलेले, अक्षर टपोरे आणि वळणदार. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि वयोमानाने दृष्टिपटलावर थोडा परिणाम झाल्यामुळे चष्मा लावूनही नजर ६/२४ आहे. हाताला हल्ली बारीक कंप असतो, त्यामुळे पेनने लिहिलेले त्यांचे त्यांनाच आवडत नाही. बडोद्याला असलेल्या बहिणीला पूर्वीसारखी लांब पत्रे लिहावीत ही त्यांची इच्छा. पुण्यात शिकणारी नात सुट्टीत आली की घरातला जुना कॉम्प्युटर सुरू करते. कीबोर्ड समोर ठेवला की आजोबा एवढेच म्हणतात, “अगं, ह्या मुंग्या दिसतात मला.”

अशा वेळी चिकटपट्ट्या मागवण्याआधी चष्म्याकडे पाहायला हवे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत साधारणपणे लांबचे स्पष्ट दिसेल असे भिंग बसवतात, म्हणून जवळच्या वाचनासाठी चष्मा लागतोच. तो बहुधा +२.५० चा असतो. या चष्म्याचा नेम ४० सेंटिमीटरवर, म्हणजे हातातल्या वर्तमानपत्रावर असतो. कीबोर्ड ५० सेंटिमीटरवर आणि पडदा ६५ ते ७० वर. या वयात डोळ्याची स्वतःहून नेम बदलण्याची शक्ती उरलेली नसते, त्यामुळे वर्तमानपत्र नीट वाचणाऱ्या माणसालाही कीबोर्ड थोडा आणि पडदा बराच पुसट दिसतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर पडदा वाचण्यासाठी हनुवटी वर करून खालच्या भिंगातून बघावे लागते आणि अर्ध्या तासात मान धरते. नेत्रतज्ज्ञाला कीबोर्ड आणि पडदा यांची अंतरे टेपने मोजून सांगितली की तो त्या बेताचा, साधारण +१.७५ च्या आसपासचा, वेगळा चष्मा देऊ शकतो. कॉम्प्युटरचा चष्मा म्हणतात तो हाच. कित्येक घरांत एवढ्यानेच काम भागते. वाईच्या आजोबांच्या बाबतीत वेगळ्या चष्म्याने पडद्याचा प्रश्न मिटतो, कीबोर्डाचा मात्र अर्धाच, कारण नजरच ६/२४ आहे आणि कोणताही चष्मा तिला त्यापुढे नेत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. वय वाढते तसे डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवते. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात ही अडचण राहत नाही, पण दृष्टिपटल दुबळे झाले असेल तर फिक्या रंगछटांतला फरक कळेनासा होतो. करड्या कळीवर पांढरी अक्षरे किंवा काळ्या कळीवर निळी अक्षरे दुकानात सुरेख दिसतात आणि म्हाताऱ्या डोळ्यांपुढे विरून जातात. काळ्यावर पिवळे, पिवळ्यावर काळे, काळ्यावर पांढरे आणि पांढऱ्यावर काळे या चार जोड्या या कामासाठी रूढ झाल्या आहेत. त्यांतली कोणती बरी, हे वापरणाऱ्यानेच ठरवावे. उजेडाने डोळे दिपत असतील तर काळ्या कळीवरचे पिवळे अक्षर सोसते, आणि खोलीत उजेड कमी असेल तर पिवळ्या कळ्या आधी नजरेत भरतात. चिकटपट्टीचा पृष्ठभाग मात्र मंद हवा. चकचकीत पट्टीवर ट्यूबलाइटची रेघ उमटते आणि अक्षर नेमके त्या रेघेखाली जाते.

इथवरचे इंग्रजी कीबोर्डालाही लागू आहे. मराठीत खरी अडचण यापुढे सुरू होते. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट ही कळरचना मांडली आणि पुढे १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की मिळते ती हीच रचना. तिच्यात प्रत्येक कळीवर दोन मराठी चिन्हे असतात, एक साध्या दाबाने उमटणारे आणि एक शिफ्टसह उमटणारे. कळीवर इंग्रजी अक्षर आधीपासून असतेच. बाजारातले मराठी चिकटपट्ट्यांचे संच ही सगळी चिन्हे एकाच पट्टीवर बसवतात. साधारण ११ बाय १३ मिलिमीटरच्या पट्टीवर दोन देवनागरी चिन्हे वर-खाली मांडली तर प्रत्येकाला जेमतेम पाच मिलिमीटर मिळतात. आजोबांच्या नजरेची हद्द तीन मिलिमीटर आणि आरामाचे माप सहा, म्हणजे ‘मोठ्या अक्षरांचा’ संच लावूनही ते आरामाच्या मापाखालीच राहतात. शिवाय ही मापे इंग्रजी अक्षरांवरून काढलेली. देवनागरी अक्षरात आतल्या रेषा जास्त असल्याने त्याला थोडी अधिकच जागा लागते.

यातून सुटायची वाट इनस्क्रिप्टच्या आतच आहे, आणि वर्णमाला पाठ असलेल्या पिढीला ती चटकन पटते. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताकडे स्वर आणि उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने आहेत. व्यंजनांच्या कळ्यांवर क-ख, ग-घ, च-छ, ज-झ, ट-ठ, ड-ढ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ अशा दहा जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतले साधे अक्षर साध्या दाबाने येते आणि हकार मिसळलेले शिफ्टने. स्वरांच्या कळ्यांवर मात्रा साध्या दाबाने येते आणि तोच पूर्ण स्वर शिफ्टने, म्हणजे काना ज्या कळीवर त्याच कळीवर शिफ्टसह आ, दीर्घ वेलांटीच्या कळीवर ई. मग शिफ्टचे चिन्ह पट्टीवर छापायची गरजच काय? एका कळीवर एकच अक्षर ठेवावे, ते नऊ-दहा मिलिमीटर उंच करावे, आणि नियम एकदा सांगून टाकावा. आजोबांच्या हद्दीच्या हे तिपटीहून अधिक झाले.

नियमात न बसणारी अक्षरे थोडी आहेत. म च्या कळीवर शिफ्टने ण येतो, ल च्या कळीवर ळ, स च्या कळीवर श, स्वल्पविरामाच्या कळीवर ष. पाय मोडण्याच्या कळीवर शिफ्टने अ मिळतो. क्ष आणि ज्ञ वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह आहेत. एवढ्या अक्षरांसाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ठळक यादी करून ती पडद्याशेजारी उभी ठेवली की पुरते.

अशा एकाक्षरी पट्ट्या घरी करता येतात. नात पांढऱ्या, मंद पृष्ठभागाच्या चिकट कागदावर काळ्या अक्षरांचे ११ बाय १३ मिलिमीटरचे चौकोन छापून घेते. सगळे कापण्याआधी ती साध्या कागदाचे तीनच चौकोन तीन कळ्यांवर ठेवते, ब, व आणि क, आणि आजोबांना नेहमीच्या खुर्चीत बसवून ती अक्षरे विचारते. पहिल्या खेपेला आजोबा ब ला व म्हणतात. दोष नजरेचा वाटतो, पण आहे छपाईचा. अक्षर फार जाड केल्यामुळे ब च्या पोटातली तिरकी रेघ भरून गेली आहे. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांचेही तसेच होते, त्यांच्यातला फरक एका गाठीचा किंवा एका मोकळ्या जागेचा असतो. मोठ्या अक्षरासाठी मध्यम जाडीचा, आतून मोकळा टंक निवडावा. मात्रांच्या कळ्यांवर मात्रेसोबत ठिपक्यांचे वर्तुळ छापायची पद्धत आहे. ते निम्मी जागा खाते, म्हणून गाळावे आणि नुसती मात्रा मोठी छापावी.

पट्ट्या लावण्याच्या कामात घाई केली की महिनाभरात कडा उचलतात. कीबोर्डाची तार आधी काढायची. कळ्यांवर बोटांचे तेल साचलेले असते, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसायचे आणि पूर्ण वाळू द्यायचे. पट्टी चिमट्याने उचलून आधी मध्यावर टेकवायची, मग कडांकडे दाबत न्यायची, कारण कळीचा माथा किंचित खोलगट असतो आणि कडेपासून सुरुवात केली तर मध्ये हवा राहते. पट्टी कळीच्या कडेपर्यंत पोचू नये, चारही बाजूंना थोडी जागा सोडावी. इंग्रजी `F` आणि `J` या कळ्यांच्या खालच्या कडेला बोटाला लागणारी उंच रेघ असते. ती मुळीच झाकू नये. नजर कमी असलेल्या माणसाला हात जागेवर आहे की सरकला हे त्याच रेघेवरून कळते. तिथे पट्टी थोडी आखूड कापावी.

इंग्रजीचे काय करायचे हा प्रश्न उरतो, कारण ईमेलचा पत्ता आणि पासवर्ड इंग्रजीतच टाकावे लागतात. एकाच कळीवर दोन्ही लिप्या मोठ्या करण्याचा हट्ट धरू नये, त्यात दोन्ही लहान होतात. एका कॉम्प्युटरला दोन यूएसबी कीबोर्ड एकाच वेळी जोडता येतात आणि दोन्ही चालतात. एक मराठीचा, एक इंग्रजीचा ठेवला की झाले. भाषा बदलण्यासाठी `Windows` आणि स्पेसबार या कळा एकत्र दाबायच्या. ज्यांचा हात इंग्रजी अक्षरांवर आधीच बसला आहे त्यांना उच्चारानुसारी मराठी कळरचना सोपी पडते, २०१९ पासून ती विंडोजमध्येच आहे. त्यांच्यासाठी मोठ्या इंग्रजी अक्षरांचा तयार कीबोर्ड पुरेसा आहे. तलाठी आजोबांचे सगळे लिहिणे देवनागरीतून झालेले असल्याने त्यांना इनस्क्रिप्टच बरी.

पहिल्या दिवशी काय लिहावे हेही विचार करून ठरवावे. जुन्या पत्राची सुरुवात, ‘स.न.वि.वि.’, याला उत्तम आहे, कारण तिच्यात शिफ्टची कळ एकदाही लागत नाही. आजोबा स दाबतात, पूर्णविराम देतात, न दाबतात, पुन्हा पूर्णविराम. अक्षरे एकदम दिसतात, कळ सापडायला मात्र तरीही वेळ लागतो. मोठ्या अक्षराने वाचणे सोपे होते, शोधणे तेवढे होत नाही. कळी कुठे आहे हे स्मरणात बसायला आठवडे जातातच. म्हणून डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने ही विभागणी आधी सांगावी, म्हणजे शोध निम्म्या कीबोर्डापुरता राहतो.

‘वि’ वर आजोबा अडकतात. हाताने लिहिताना ते पहिली वेलांटी आधी काढतात आणि मग व. तसेच इथे करतात, आणि पडद्यावर व च्या आधी एक ठिपक्यांचे वर्तुळ आणि त्याला लटकलेली वेलांटी उमटते. कीबोर्ड बिघडला असे त्यांना वाटते. इनस्क्रिप्ट उच्चाराच्या क्रमाने चालते, आधी व, मग इ. ठिपक्यांचे वर्तुळ म्हणजे मात्रा आली पण तिला धरायला अक्षर नाही, एवढाच त्याचा अर्थ. “आबा, तुम्ही तोंडाने म्हणा आणि म्हणाल तसं दाबा,” असे नात सांगते, आणि दुसरा ‘वि’ बरोबर येतो.

पुढच्या काही दिवसांत आजोबांनी टाइप केलेली पाने नीट तपासली तर कुठे काय चुकते ते त्या चुकाच दाखवतात. कीबोर्ड जुळवून देणाऱ्याने ही तपासणी कधी टाळू नये. ‘बायको’ च्या जागी ‘वायको’ आले तर चूक नजरेची आहे, कारण ब आणि व या कळ्या एकमेकींपासून दूर आहेत. बोट घसरून एकीवरून दुसरीवर जाणार नाही, अक्षरच चुकीचे वाचले गेले. उपाय पट्टीत, उजेडात किंवा अंतरात शोधावा. ‘बायको’ चे ‘बायरो’ झाले तर चूक बोटाची, कारण क आणि र शेजारी आहेत. अक्षर दिसले, बोट एक कळी बाजूला पडले. तिथे आणखी मोठी अक्षरे लावून काही होत नाही. मनगटाला टेकू द्यावा आणि कळ्यांमधली खाच खोल असलेला कीबोर्ड घ्यावा. लॅपटॉपच्या सपाट कळ्या या बाबतीत सर्वांत वाईट.

‘पाणी’ चे ‘पामी’ आणि ‘बाळ’ चे ‘बाल’ झाले तर शिफ्ट निसटली आहे. कंप असलेल्या हाताला एक कळ धरून दुसरी दाबणे कठीण जाते, आणि एका बोटाने टाइप करणाऱ्याला ते जमतच नाही. विंडोजच्या `Accessibility` या भागात `Keyboard` मध्ये `Sticky Keys` नावाची सोय आहे. ती चालू केली की शिफ्ट एकदा दाबून सोडायची आणि मग म दाबायचा, ण उमटतो. मराठीत शिफ्ट शब्दाशब्दाला लागते, त्यामुळे या एका सोयीने आजोबांचा वेग जितका वाढतो तितका दुसऱ्या कशानेही वाढत नाही. ‘बायकककको’ असे आले तर बोट कळीवर जास्त वेळ राहिले आहे. त्याच ठिकाणी `Filter Keys` आहे, ती लागोपाठचे दाब दुर्लक्षित करते. तिचा अवधी जास्त ठेवला तर मुद्दाम दाबलेली कळही उमटत नाही आणि माणूस आणखी जोराने दाबू लागतो, म्हणून सुरुवात कमी अवधीने करावी.

पट्ट्या झिजतात, पण सगळ्या सारख्या नाहीत. मराठीत काना सर्वांत जास्त लागणाऱ्या चिन्हांपैकी एक, म्हणून ती पट्टी लवकर पुसट होते आणि पाठोपाठ र, त, न, क. छापतानाच या पाचांच्या दोन-तीन जादा प्रती काढून ठेवाव्यात. जुनी पट्टी काढताना हेअर ड्रायरची कोमट हवा थोडा वेळ दिली की गोंद सैल होतो. नखाने खरवडले तर कळीवर चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

या साधनाची हद्द मापावरूनच ठरते. नजर ६/६० वर आली की ५० सेंटिमीटरवर ओळखण्याचेच माप सात मिलिमीटरवर जाते आणि आरामाचे चौदा-पंधरावर. कळीचा माथा तेवढा नसतो. कीबोर्ड ओढून ३५ सेंटिमीटरवर घेतला आणि चष्मा त्या अंतराचा केला तर आरामाचे माप दहा मिलिमीटरवर येते आणि काही काळ निभावते. काचबिंदूने नजरेचा घेर आकसला असेल तर अक्षर वाढवून विशेष मिळत नाही, अशा डोळ्याला मध्यम अक्षर आणि गडद रंगभेद जास्त उपयोगी पडतो. दृष्टिपटलाचा मधला भाग गेला असेल तर माणूस कडेच्या नजरेने बघतो आणि तिथे मोठे अक्षर खरोखर कामी येते, पण कळीकडे थोडे तिरके पाहायची सवय त्याला करावी लागते. याही पुढे नजर गेली तर पट्ट्यांऐवजी स्पर्शाच्या खुणा लावाव्यात. काना, पाय मोडण्याची कळ, क आणि एंटर यांवर उठावदार ठिपके चिकटवले की `F` आणि `J` वरच्या रेघांच्या आधाराने बोटे बाकीच्या कळ्या मोजून काढतात.